आर आणि गुंठा एक नव्हे: उताऱ्यांची यादी चौरस फुटांत करताना

प्रश्न: आमची वडिलोपार्जित जमीन पेडणे तालुक्यात आणि थोडी पलीकडे सावंतवाडी तालुक्यात आहे. घरभाट ४१/२ आणि ४१/३, क्षेत्र ००००.०८.७५ व ००००.१२.५०. मोरडातलं शेत ५६/१ आणि ५६/४, क्षेत्र ००००.२७.७५ व ०००१.०३.५०. बांद्याकडच्या माळाचा सातबारा ०-१४-७० दाखवतो, पण आजोबांच्या कागदावर तोच माळ १४ गुंठे ८ आणे आहे. पुण्याचा थोरला भाऊ म्हणतो, सगळं स्क्वेअर फुटांत करून प्लॉटवार बेरीज पाठव. माझी एकूण बेरीज २,१३,८७९ आली, एजंटाची १,८२,०८१. बरोबर कोणाची?

उत्तर:

दोन्ही चुकल्या आहेत. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बेरीज १,७९,९७३ चौरस फूट येते. तुमची चूक एका ओळीत आहे, एजंटाची पाचही ओळींत आहे, आणि दोघांनी काय केलं ते फरकाच्या आकड्यावरूनच कळतं. मी पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत बरीच वर्षं मोजणीची कामं केली. वाटणीच्या याद्यांत मला सगळ्यांत जास्त वेळा भेटलेल्या चुका याच दोन.

आधी उतारा कसा वाचायचा ते पाहू. आपल्या गोव्याच्या उताऱ्यावर, म्हणजे फॉर्म १ व १४ वर, क्षेत्राच्या रकान्याखाली 'हे. आर. चौ. मी.' असं छापलेलं असतं. म्हणजे ०००१.०३.५० ही दशांश संख्या नाही. तिच्यात तीन वेगळे कप्पे आहेत: १ हेक्टर, ३ आर, ५० चौरस मीटर. शंभर चौरस मीटरांचा एक आर आणि शंभर आरांचा एक हेक्टर. प्रत्येक कप्पा शंभराने भरतो, म्हणून आर आणि चौरस मीटर यांना नेहमी दोन आकड्यांची जागा दिलेली असते. ३ आर हे '०३' असंच लिहायचं. ते शून्य काढलं की सगळं बिघडतं.

तुमच्या यादीत ते ५६/४ च्या ओळीत बिघडलं आहे. तुमची बेरीज बरोबर बेरजेपेक्षा ३३,९०६ चौरस फुटांनी जास्त आहे. त्याचे चौरस मीटर केले तर नेमके ३,१५० येतात. जुने हिशेबनीस अशा वेळी फरकाला ९ ने भागून बघत, कारण आकडा एक घर सरकला की फरक ९ च्या पटीत येतो. ३,१५० भागिले ९ म्हणजे ३५०. आता ५६/४ च्या क्षेत्रातला शेवटचा भाग बघा: ०३.५०, म्हणजे ३५० चौरस मीटर. तुम्ही बहुधा हाताने लिहिलेल्या जुन्या फॉर्मवरून '१.३.५०' असं उतरवलंत आणि पुढे दुसरा टिंब गाळून १.३५० हेक्टर धरलंत. १.३५० हेक्टर म्हणजे १३,५०० चौरस मीटर. खरं क्षेत्र १.०३५० हेक्टर, म्हणजे १०,३५० चौरस मीटर. ३५० चे ३,५०० झाले. बाकीच्या चार ओळी तुमच्या बरोबर आहेत.

एजंटाची चूक वेगळ्या जातीची आहे. १,८२,०८१ ला १,७९,९७३ ने भागा, उत्तर १.०११७ येतं. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन याद्यांमध्ये एवढंच प्रमाण निघालं की कोणीतरी आराला गुंठा समजलेलं असतं. त्याने तुमच्या पाचही क्षेत्रांचे आर केले, बेरीज १६७.२० आली, आणि तिला सरळ १,०८९ ने गुणलं. पण १,०८९ चौरस फूट हा गुंठा आहे. आर म्हणजे १,०७६.३९ चौरस फूट.

ही गल्लत का होते ते समजण्यासारखं आहे. दोन्ही मापं जवळजवळ सारखी आहेत आणि बोलताना लोक 'दहा आर म्हणजे दहा गुंठे' असं सर्रास म्हणतात. पण त्यांचा जन्म वेगळा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन. इंग्रजांच्या मोजणीची साखळी ६६ फुटांची होती, तिची अर्धी लांबी ३३. असे चाळीस गुंठे मिळून एकर, ४३,५६० चौरस फूट. गुंठ्याचे सोळा आणे. मुंबई इलाख्यात आणि सावंतवाडीच्या बाजूला कागदोपत्री हीच मापं चालत होती. आपल्याकडे पोर्तुगीज राज्य होतं. इथली आजची सर्व्हे नंबरांची मोजणी १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतरची आहे आणि ती सुरुवातीपासून मीटरमध्ये आहे. गोव्याच्या उताऱ्यावर तुम्हाला गुंठा दिसणार नाही. तो सीमेपलीकडच्या कागदांतून, पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून आणि एजंटांच्या हिशेबातून इकडे येतो.

आर आणि गुंठा एक नाहीत याचा पुरावा तुमच्याच घरात आहे. आजोबांच्या कागदावर माळ १४ गुंठे ८ आणे, म्हणजे साडेचौदा गुंठे. सातबाऱ्यावर तोच माळ १४.७० आर. दोन्ही मापं एकच असती तर सातबाऱ्यावर १४.५० आले असते. आर गुंठ्यापेक्षा थोडा लहान आहे, म्हणून त्याच जमिनीत आरांची संख्या थोडी जास्त भरते. हिशेब करून बघा: साडेचौदा गुंठे गुणिले १,०८९ म्हणजे १५,७९०.५ चौरस फूट, म्हणजे १,४६७ चौरस मीटर. सातबाऱ्यावर १,४७०. तीन मीटरांचा फरक राहतो. एकर-गुंठ्यांवरून हेक्टर-आर करताना झालेल्या पूर्णांकनात तो सहज मावतो. जमीन तीच आहे याची खात्री पटण्याइतके हे आकडे जवळ आहेत. यादीत मात्र सातबाऱ्याचा आकडाच घ्या, कारण पुढचा कुठलाही व्यवहार त्याच्यावरच होणार. आजोबांचा १४ गुंठे ८ आणे शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवा. तो पुसून टाकू नका आणि बेरजेतही घेऊ नका.

आता यादी कशी मांडायची. माझा नियम एकच आहे: प्रत्येक ओळ पहिल्यांदा चौरस मीटरमध्ये आणायची, सगळ्या बेरजा चौरस मीटरमध्ये करायच्या आणि चौरस फूट अगदी शेवटी काढायचे. मूळ कागद मीटरचा आहे. फुटांचा आकडा फक्त भावाला समजावा म्हणून आहे.

संगणकावर करत असाल तर हेक्टर, आर आणि चौरस मीटर तीन वेगळ्या रकान्यांत भरा. एकाच घरात 1-12-75 असं टाकलंत तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतो. 0001.03.50 असं टाकलंत तर तो त्याला मजकूर समजतो आणि बेरजेत घेतच नाही. बेरीज कमी येते, पण चूक झाल्याची कुठलीही सूचना दिसत नाही. A मध्ये सर्व्हे नंबर, B मध्ये प्लॉटचं नाव, C, D, E मध्ये हेक्टर, आर, चौरस मीटर असं ठेवा. मग F मध्ये एकूण चौरस मीटर काढायला हे पुरे:

```
=C2*10000+D2*100+E2
```

प्लॉटवार बेरीज आणि त्या बेरजेचे चौरस फूट, दोन शेजारच्या घरांत:

```
=SUMIF(B$2:B$6,"घरभाट",F$2:F$6)
=H2/0.09290304
```

पहिलं सूत्र H2 मध्ये आहे असं धरलं आहे. ०.०९२९०३०४ हा एका चौरस फुटातला चौरस मीटरांचा नेमका आकडा आहे, कारण फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर. वहीवर करणार असाल तर चौरस मीटरांना १०.७६३९ ने गुणा. नुसत्या १०.७६ ने गुणलंत तर तुमच्या एकूण जमिनीत सुमारे ६५ चौरस फूट कमी येतील. एका छोट्या प्लॉटला ते जाणवत नाही, बेरजेत जाणवतं. सूत्रातलं प्लॉटचं नाव रकान्यातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. एका ओळीत 'घरभाट' आणि दुसरीत 'घर भाट' असेल तर ती दुसरी ओळ बेरजेतून गळते. म्हणून प्लॉटांच्या बेरजांची बेरीज आणि F रकान्याची सरळ बेरीज एकमेकींशी ताडून बघा.

तुमची यादी अशी उभी राहते. घरभाट: ८७५ आणि १,२५० मिळून २,१२५ चौरस मीटर, म्हणजे २२,८७३ चौरस फूट. मोरडातलं शेत: २,७७५ आणि १०,३५० मिळून १३,१२५ चौरस मीटर, म्हणजे १,४१,२७६ चौरस फूट. बांद्याकडचा माळ: १,४७० चौरस मीटर, म्हणजे १५,८२३ चौरस फूट. तिन्ही मिळून १६,७२० चौरस मीटर. उताऱ्याच्या भाषेत १ हेक्टर ६७ आर २० चौरस मीटर.

आता तुम्ही फुटांचे तीन आकडे बेरजेला घेतलेत तर १,७९,९७२ येतील आणि मी वर १,७९,९७३ लिहिलं आहे. ही चूक नव्हे. तिन्ही प्लॉट वेगळे पूर्णांकात आणले की अपूर्णांक तिथेच सुटतात. १६,७२० चे एकदम फूट केले की १,७९,९७२.५८ येतात आणि तो आकडा वर जातो. भाऊ बारकाईने बेरीज करून बघणारा असेल तर यादीखाली एक ओळ लिहा: 'एकूण चौरस फूट हे एकूण चौरस मीटरांवरून काढले आहेत.' नाहीतर एका फुटावरून फोन येतो आणि मग अख्ख्या यादीवर शंका घेतली जाते.

५६/४ च्या उताऱ्याकडे आणखी एकदा बघायला सांगतो. फॉर्म १ व १४ वर क्षेत्र एका ठिकाणी नसतं. जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड असे लागवडीच्या जमिनीचे वेगळे रकाने असतात, मग एकूण लागण क्षेत्र, मग पोटखराब आणि सगळ्यांत शेवटी एकूण. तुम्ही ०००१.०३.५० लिहिलं आहे. हेक्टराच्या कप्प्यात १ आला आहे. समजा मोरडाखाली ००००.९२.२५ आणि पोटखराब्यात ००००.११.२५ असेल, तर त्यांची बेरीज १०३.५० आर, म्हणजे हातचा एक हेक्टर जाऊन १.०३.५०. तुमचा आकडा या शेवटच्या रकान्यातला आहे ना, एवढं ताडून घ्या. मालकीची यादी करताना पोटखराबही तुमचाच आहे, तो वगळायचा नाही. पण एखाद्या ओळीत शेवटचं एकूण आणि दुसऱ्या ओळीत नुसतं लागण क्षेत्र घेतलं, तर बेरीज कशाचीच राहत नाही. तशीच दुसरी अडचण, एकूण रकान्याबरोबर मोरडाचा रकानाही बेरजेत ओढला गेला तर तीच जमीन दोनदा मोजली जाते. असं यादी उतरवणाऱ्याने सगळे रकाने जसेच्या तसे घेतले की होतं.

दोनदा मोजण्याचा याहून मोठा धोका वाटणीच्या याद्यांत असतो. आपल्या फॉर्मवर कब्जेदारांची नावं एकाखाली एक असतात, पण कोणाच्या वाट्याला किती क्षेत्र हे बहुधा तिथे लिहिलेलं नसतं. क्षेत्र सगळ्या हिश्श्याचं मिळून एकच असतं. एका घरातल्या तीन भावांनी आपापल्या नावाची यादी स्वतंत्र करून माझ्याकडे आणली होती. तिघांच्याही यादीत तोच सर्व्हे नंबर पूर्ण क्षेत्रासकट होता आणि एकत्र बेरजेत ती जमीन तिप्पट झाली होती. खरेदीची बोलणी त्या बेरजेवर पुढे गेली होती. ती मागे घेताना तिघांमध्ये जे झालं ते मी जवळून पाहिलं, म्हणून हे आवर्जून सांगतो. तुमच्या घरभाटावर काकांच्या मुलांची नावं असतील तर यादीत दोन वेगळे रकाने ठेवा: उताऱ्यावरचं पूर्ण क्षेत्र आणि तुमचा वाटा. वाटाही चौरस मीटरमध्ये काढा. बेरीज कुठल्या रकान्याची केली आहे ते वर स्पष्ट लिहा.

तुमच्याकडे पुढे-मागे शहरातली जागा आली, म्हापसा किंवा फोंड्यासारखी, तर तिथे फॉर्म १ व १४ ऐवजी सिटी सर्व्हेचा फॉर्म डी असतो. सर्व्हे नंबराच्या जागी चलता नंबर आणि पी. टी. शीट नंबर येतात. क्षेत्र सरळ चौरस मीटरमध्ये असतं, ४३२ म्हणजे ४३२. ते कप्प्यांत फोडायचं नाही. त्या ओळीसाठी C आणि D रिकामे ठेवून आकडा E मध्ये टाका.

आणि मोरडातल्या शेताबद्दल घरातली वडील माणसं 'इतक्या कुडवांचं शेत' असं सांगत असतील, तर तो आकडा यादीत बदलून आणायचा प्रयत्न करू नका. कुडव आणि खंडी ही धान्याची मापं आहेत, वीस कुडवांची एक खंडी. शेताला ते माप लावलं जातं ते पेरणीच्या बियाण्यावरून किंवा पिकावरून. खाजनातलं एक कुडवाचं शेत आणि मोरडातलं एक कुडवाचं शेत यांचं क्षेत्र सारखं नसतं, कारण जमीन वेगळी, पाणी वेगळं, पेरणीची दाटी वेगळी. कुडवाचे चौरस मीटर करणारा कोष्टक कोणी दिला तरी तो त्या एका शेतापुरताच खरा असेल. अशा जमिनीचं शेताचं नाव आणि चतुःसीमा घेऊन सर्व्हे नंबर शोधायचा आणि क्षेत्र उताऱ्यावरून घ्यायचं. पोर्तुगीज काळातल्या कागदांचंही बऱ्याचदा तसंच असतं. चारी बाजूंना कोणाची जमीन ते सविस्तर लिहिलेलं सापडतं, त्यामुळे नंबर ओळखायला ते फार उपयोगी पडतात, पण क्षेत्र मिळेलच असं नाही.

सगळे आकडे जुळले तरी ही बेरीज कागदावरच्या क्षेत्राची आहे. बांध सरकलेला असेल, रस्ता रुंद होताना पट्टी गेली असेल, तर ते उताऱ्यावर आलेलं नसू शकतं. घरभाटाचे ४१/२ आणि ४१/३ हे दोन पोटहिस्से शेजारी आहेत असं गृहीत धरून मी एक प्लॉट केला आहे. सर्व्हे प्लॅनवर दोघांची हद्द खरंच एकमेकांना लागते का ते बघा. मध्ये पायवाट किंवा दुसऱ्याचा हिस्सा निघाला तर यादीत त्यांना दोन प्लॉट म्हणूनच दाखवावं लागेल, बेरीज तीच राहिली तरी.

शेवटी भावासाठी एक गोष्ट, कारण तो फुटांत विचार करणार आणि पुढचा प्रश्न दराचा येणार. गोव्यात जमिनीचा भाव चौरस मीटरने बोलला जातो. उदाहरणापुरता ४,००० रुपये मीटर धरा. फुटाचा दर काढायला ४,००० ला १०.७६३९ ने भागायचं, ३७१.६१ येतात. तिथे सोयीसाठी ३७२ केलंत तर तुमच्या एकूण क्षेत्रावर सुमारे सत्तर हजार रुपयांचा फरक पडतो, एकाही फुटाची जमीन कमीजास्त न होता. म्हणून भावाला यादी फुटांत पाठवा, शेजारी चौरस मीटरचा रकाना ठेवा आणि किमतीचा हिशेब त्या मीटरच्या रकान्यावरूनच करायला सांगा: १६,७२० गुणिले जो काही दर ठरेल तो.